आजीची प्रकरणं ठेवू की काढू?

‘ताई, माझी पहिली कादंबरी १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबई सोडून मालवणकडे परतलेल्या कुटुंबाची आहे. खर्डा चौघांना वाचायला दिला. नागपूरची मैत्रीण म्हणते, आजीची प्रकरणं कंटाळवाणी आहेत, काढ. मावसबहीण म्हणते, तीच सर्वांत छान आहेत, वाढव. नवऱ्याला मालवणी संवाद कळत नाहीत. आमचे सर म्हणतात, संप आणि मोर्चे जास्त हवेत. बाबा आजीशी का बोलत नाहीत हे मी मुद्दाम अकराव्या प्रकरणापर्यंत राखून ठेवलंय. आता कुणाचं ऐकू?’
– गोंधळलेली

अगं, वाचक कुठे अडखळला हे तो सांगतो तेव्हा बहुधा खरंच असतं. उपाय मात्र तो स्वतःच्या आवडीनुसार सुचवतो. म्हणून ‘काढ’ आणि ‘वाढव’ हे दोन्ही शब्द तूर्त बाजूला ठेव. दोघींचं बोट एकाच जागी आहे, तिकडे बघ.

मावसबहिणीला घरातले अबोले ठाऊक आहेत. तू न लिहिलेलं ती मनातून भरून घेते. मैत्रिणीला ती सोय नाही. तिला फोन कर आणि आजीच्या प्रकरणांपर्यंतची गोष्ट तिच्या शब्दांत सांगायला लाव. मध्ये बोलू नकोस, खुलासे तर अजिबात नकोत. बाबा-आजीमधला ताण तिच्या सांगण्यात आलाच नाही, तर दोष आजीच्या प्रकरणांत नाही, त्यांच्या आधी आहे. रहस्य राखायला हरकत नाही, पण काहीतरी राखलंय हे वाचकाला कळायला हवं. तिसऱ्या प्रकरणातच आजी पान वाढते आणि बाबा तिच्याशी न बोलता मुलीकरवी मीठ मागतात, एवढं दाखव. कारण अकराव्यातच राहू दे. मग आजीचं एकही पान न काढता तीच प्रकरणं वेगळी वाचली जातील.

मालवणी ठेवायची की नाही, हे मतदानाने ठरत नाही. ती तुझी निवड. पण नवरा नेमक्या कोणत्या ओळीला थांबला, हे विचार. ‘मांगर’ शब्दावर अडला असेल, तर तिथे बांधलेली गाय आणि गळणारं छप्पर पुरे. तळटीप नको.

सरांचं वेगळं आहे. (सर मंडळींना पार्श्वभूमी नेहमीच कमी वाटते!) कादंबरी कशाबद्दल आहे, हे एका वाक्यात लिही. ‘परतलेल्या माणसाला गाव पुन्हा आपलं म्हणतं का?’ असं काही आलं, तर मोर्चे वाढवून ती दुसरीच कादंबरी होईल. आभार मान आणि सोडून दे. मात्र बाबांची नोकरी कशी गेली हेच त्यांना कळलं नसेल, तर तेवढं दुरुस्त कर.

नवा खर्डा याच चौघांना देऊ नकोस. अकराव्यातली गोष्ट त्यांना आता माहीत आहे. दोन नवे वाचक शोध, त्यातला एक कोकणाबाहेरचा. मत मागू नकोस. वाचताना वही जिथे खाली ठेवली, त्या पानावर फक्त पेन्सिलीने खूण करायला सांग.