गारगोटी, अकीक की स्फटिक?

“पैठणजवळ गोदावरीच्या पात्रात मिळालेल्या दगडाचा फोटो पाठवतोय. गावात याला गारगोटी म्हणतात, भाऊ म्हणतो अकीक, एक दुकानदार म्हणाला स्फटिक. बरोबर शब्द कोणता?”

तुमचा भाऊ बरोबर आहे, आणि गावही चुकलेलं नाही. मराठीत गार म्हणजे पावसाबरोबर पडणारी गार आणि चकमकीची कठीण गारही. गारगोटी त्याच घरातली. पांढरट, कठीण, ठिणगी पाडणारा कुठलाही दगड गावात गारगोटीच. अकीक हा अरबीतून आलेला शब्द त्यातल्या एकाच प्रकाराला लागतो, पट्टेदार दगडाला.

ते पट्टे तुमच्या फोटोत स्पष्ट आहेत. तुटलेल्या बाजूकडे पाहा. राखाडी आणि दुधी पट्टे बाहेरच्या खडबडीत सालीला समांतर वळत गेलेत. लाव्हापासून बनणारा बेसॉल्ट हा काळा खडक थंड होताना वायूच्या बुडबुड्यांनी त्यात पोकळ्या राहतात. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्यांत झिरपतं आणि भिंतीपासून आत एकेक थर बसत जातो, म्हणून पट्टे पोकळीचाच आकार घेतात. तुमच्या दगडात मधोमध साखरेसारखे चमकणारे कण दिसतात. उरलेल्या जागेत वाढलेले ते स्फटिक. दुकानदाराचा शब्द तेवढ्या भागाला चालेल. पट्ट्यांचे कण मात्र इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि त्यामुळेच तिथली चमक काचेसारखी न वाटता मेणासारखी वाटते.

पण ही मेणचट चमक फोटोत फसवते. ओला दगड काचेसारखा चकाकतो, फ्लॅशनेही तेच होतं. दगड कोरडा करून, सावलीत, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. रंगावर तर मी सर्वांत कमी भरवसा ठेवतो. सालीचा तांबूसपणा लोहाच्या गंजाचा असू शकतो, आणि गुजरातेत रतनपूरचे अकीक तापवून लाल करण्याची पद्धत फार जुनी आहे.

एक शंका फोटोवरून फिटत नाही. कॅल्साइट हे चुन्याचं खनिजही पट्टेदार आणि दुधी असतं. त्यासाठी तुटलेल्या भागावर साध्या चाकूने जोर देऊन ओरखडा काढा. खनिजांची कठीणता १ ते १० अशा मोहस मापावर मोजतात. कॅल्साइटची कठीणता ३ असते, त्यावर खोल रेघ उठते. अकीकाची ७ च्या जवळपास, त्यावर चाकूच झिजून राखाडी रेघ सोडतो. बोटाने ती रेघ पुसून बघा. पुसली गेली तर अकीक म्हणायला हरकत नाही.