बाथरूमचा आरसा कडेने काळा का पडतो?

प्रश्न: कोपरखैरण्याच्या फ्लॅटमधला बाथरूमचा आरसा दोन वर्षांत खालून काळा पडलाय, मध्येही ठिपके आलेत. असं का?

उत्तर: काचेमागचा चांदीचा थर ओलाव्याने गंजलाय, म्हणून. ठाण्यात आरसे बसवायचं काम करतो, त्यामुळे हे कायम बघतो. चांदीच्या त्या पातळ थरावर संरक्षणाला रंग असतो, पण काच कापली की कडेला चांदी उघडी पडते. पाणी ओघळून खालच्या कडेला साचतं आणि तिथूनच आत शिरतं. काच पुसायचा स्प्रे थेट आरशावर मारला तर तोही तिथेच उतरतो. मधले ठिपके बहुधा मागचा रंग पातळ किंवा खरवडलेला असल्याने येतात, नाहीतर चिकटवायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरल्याने. त्यातलं आम्ल रंगातून चांदीपर्यंत पोचतं. नवा घेताना पाठ बघाच: रंग एकसारखा, दाट हवा. कडा घासून सील करून घ्या, न्यूट्रल सिलिकॉन वापरा आणि भिंतीपासून तीन-चार मिलिमीटर फट ठेवा, म्हणजे मागे हवा खेळेल. मात्र काळा पडलेला भाग पुसून जात नाही. डाग कडेलाच असेल तर तेवढी पट्टी कापता येते किंवा फ्रेमखाली झाकता येते.