कॉक फिरवताच पाईप फुटतो? घाई आवरा, मग पाईप बदला

प्रश्न : साहेब, विहिरीपासून वरच्या शेतापर्यंत १२०० मीटर लाईन आहे, ११० मिलिमीटर, ६ किलोचा पीव्हीसी पाईप, १० एचपीची मोटर. बारी बदलताना कॉक बंद केला की धाडकन आवाज येतो. पाईप सारखा फुटतो, तोही विहिरीजवळच. दुकानदार १० किलोचा पाईप टाका म्हणतो. काय करू?

पाईप बदलू नका. आधी कॉक बंद करायची पद्धत बदला.

तुमच्या लाईनीत सेकंदाला १० लिटर पाणी धरलं तर ते सव्वा मीटरच्या आसपास वेगाने पळतं. कॉक झटक्यात बंद झाला की १२०० मीटर लांबीचं, जवळजवळ दहा टनांचं ते पाणी एकदम अडतं आणि दाबाची लाट उलटी विहिरीकडे निघते. ६ किलोच्या पाईपात ही लाट सेकंदाला साधारण ३०० मीटर जाते, म्हणजे विहिरीला टेकून परत कॉकपर्यंत यायला तिला ८ सेकंद लागतात. या ८ सेकंदांच्या आत कॉक पूर्ण बंद केला तर धक्का पुरा बसतो. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाव फेऱ्यात, एका सेकंदात आडवा होतो.

धक्का किती? इथे सुमारे पावणेचार किलो. शेत विहिरीपेक्षा २५ मीटर उंच आणि घर्षणाचे १५ मीटर धरले, तर मोटरीजवळ चालू दाब आधीच ४ किलो असतो. बेरीज पावणेआठ होते आणि पाईप ६ किलोचा आहे. कॉक वर बंद होतो आणि पाईप खाली फुटतो तो यामुळेच, कारण आधीचा दाब तिथे सगळ्यात जास्त असतो. फुटलेला तुकडा पाहा. उभी लांब चीर असेल किंवा सॉकेट निसटून एल्बो मातीतून वर आला असेल, तर दोष धक्क्याचा समजा. खात्री हवी असेल तर मोटरीजवळ, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे दाबमापक बसवा आणि कॉक बंद करताना काटा कुठे जातो ते कुणाला तरी बघायला सांगा.

आता दुकानदाराचं. १० किलोच्या पाईपाची भिंत जाड, म्हणून आतलं भोक लहान आणि पाण्याचा वेग जास्त. कडक पाईपात लाटही जोरात पळते. हिशेब केला तर धक्का पावणेचारवरून पाचच्या वर जातो. चालू दाब मिळवून बेरीज दहाच्या काठावर येते. पाईप एखादे वेळी तग धरेल, पण दिवसाला चार बाऱ्या बदलल्या तर जोड आणि एल्बो धरणार नाहीत. हजारो रुपये घालून दुखणं पुढच्या जोडावर ढकलायचं, एवढंच होईल.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा : आधी दुसऱ्या बारीचा कॉक पूर्ण उघडा, पाणी तिकडे वळलेलं दिसू द्या, मगच पहिला बंद करा. मोटर चालू असताना सगळे कॉक बंद, ही वेळ येऊच देऊ नका. शेवटची बारी संपली की कॉकला हात न लावता मोटर बंद करा. पाणी थांबलं की मग कॉक. यात एक रुपयाही लागत नाही, म्हणूनच ते कुणी सांगत नाही.

नवीन कॉक घ्यायचाच असेल तर चाकाचा गेट व्हॉल्व्ह घ्या. त्यातही फसगत आहे. पहिल्या बऱ्याच फेऱ्यांत पाणी फारसं कमी होत नाही, खरी अडवणूक शेवटच्या थोड्या फेऱ्यांत होते. एकूण अर्धा-पाऊण मिनिट घ्या, आणि त्यातला बराचसा वेळ शेवटच्या फेऱ्यांना द्या.

वीज अचानक गेली की मात्र हात चालत नाही. त्यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे स्प्रिंगचा रिलीफ व्हॉल्व्ह बसवा. चालू दाब ४ असेल तर तो ५ ला उघडला पाहिजे. थेंब गळतो म्हणून स्प्रिंग आवळत ८ वर नेलेले व्हॉल्व्ह मी कितीतरी शेतांत पाहिलेत. असा व्हॉल्व्ह नुसता शोभेचा. स्प्रिंग आवळू नका, परत सांगतो, आवळू नका. आणि एअर व्हॉल्व्ह म्हणजे रिलीफ व्हॉल्व्ह नव्हे. तो उंचवट्यावर हवा काढायला असतो, कॉकचा धक्का त्याने जिरत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

विहिरीजवळच्या काटकोनी एल्बोवर पावणेआठ किलोच्या दाबाने हजार किलोच्या आसपास ढकल बसते. तिथे नुसती माती पुरत नाही, मागे सिमेंट काँक्रीटचा ठोकळा हवा. रिकामी लाईन भरतानाही डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडाच उघडून पाणी सोडा.

पाईपाच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करा. पूर्वसंमती येण्याआधी केलेली खरेदी धरली जात नाही, दुकानदाराने कितीही घाई केली तरी.