एसी सर्व्हिसवाल्यांनी प्रश्नोत्तरांचं पान लिहिताना

दादा, आधी लिहायला बसूच नका, आठवडाभर फोनजवळ वही ठेवा आणि गिऱ्हाईक जे विचारतं ते त्याच्याच शब्दांत उतरवा. "गॅस भरायचे वेगळे पैसे का?" हाच प्रश्न पानावर, "आमची सेवा का निवडावी" असलं काही नको, ते फोनवर कोणी विचारत नाही.

नवीन लोक हमखास चुकतात ते दरात. "दरासाठी संपर्क साधा" लिहिलं की फोन आलाच! त्यापेक्षा सरळ लिहा:

- साध्या सर्व्हिसचे किती, त्यात फिल्टर-कॉइल धुणं आलं
- गॅस, पार्ट वेगळे, तपासल्यावर आधी सांगू
- काम नाही केलं तरी व्हिजिट चार्ज किती

मग लिंक व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या ऑटो रिप्लायमध्ये टाका. पान वाचूनही कोणी तेच विचारलं तर उत्तर अर्धवट आहे, तेवढंच दुरुस्त करा.