व्हॉट्सॲप अकाउंट उडवलं तर ग्रुपवरचं लिहिलेलं जाते का?

वकीलसाहेब, गावच्या शेतकरी ग्रुपवर म्या लिवलं होतं का अमक्या कृषी केंद्रवाल्यानं सोयाबीनचं बोगस बियाणं देल्लं. आता त्याची अब्रूनुकसानीची नोटीस आली. पुतण्या म्हणते, काका अकाउंटच परमनंट डिलीट मारा, सारं साफ होते. मारू का?
— एक शेतकरी, दारव्हा तालुका, यवतमाळ

भाऊ, बिलकुल मारू नका, पुतण्याचा अर्धाच हिशोब बरोबर आहे.

अकाउंट डिलीट केलं की तुमची प्रोफाइल जाते, सगळ्या ग्रुपमधून नाव निघते, तुमच्या फोनमधल्या चॅट आणि गूगलवरचा बॅकअपही पुसल्या जाते. पण ग्रुपवर टाकलेला मेसेज त्याच वेळी प्रत्येक मेंबरच्या फोनमध्ये जाऊन बसलेला असते, म्हणजे दोनशे मेंबर असतील तर दोनशे कॉप्या, त्या त्यांच्या आहेत, कंपनी त्याला हात लावत नाही. 'डिलीट फॉर एव्हरीवन'ची मुदत साधारण दोन दिवसांची, ती कधीच गेली.

आणि अकाउंट डिलीट करण्याबद्दल जे 90 दिवस सांगतात, त्याचं ऐका. लोकांना वाटते तेवढ्यात परत येता येते. तसं नाही, डिलीटचं बटन दाबलं की परतीचा रस्ता तिथंच बंद, 90 दिवस कंपनीला तुमची माहिती तिच्याकडून पुसायला लागू शकतात. त्याच नंबरवरून पुन्हा सुरू केलं तर कोरं अकाउंट, जुनी चॅट नाही. (नुसतं ॲप काढून टाकणं म्हणजे डिलीट नाही, त्यात अकाउंट तसंच राहते.)

आता खरी गोम बघा. दुकानदाराला बियाण्याच्या बॅगचा, बिलाचा, न उगवलेल्या तासांचा फोटो तुम्ही व्हॉट्सॲपवरच पाठवला असेल ना? त्यानं "बघतो" म्हणून उत्तरही दिलं असेल. अकाउंट उडवलं का तुमच्या बाजूची ती चॅट गेली, त्याच्या फोनमधली त्याला सोयीची तेवढी राहिली. अब्रूनुकसानीत खरं आणि लोकहिताचं बोललो हा बचाव आहे, अन् तो तुम्ही कशाच्या जोरावर मांडणार?

शिवाय नोटीस हातात पडल्यावर डिलीट केलं तर समोरचा वकील पुरावा नष्ट केला म्हणून ओरडणारच. भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 मध्ये कोर्टात द्यावा लागू शकणारा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट करण्याला 3 वर्षांपर्यंत कैद आहे. तुमच्या केसमध्ये ते लागेलच असं मी म्हणत नाही, पण उगीच दार कशाला उघडून द्यायचं.

त्याच्याकडेही नुसता स्क्रीनशॉट असून भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागते, तुम्हालाही तेच लागू. म्हणून फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, दुकानदाराची चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करून ठेवा, बिल आणि बॅगेवरचं लेबल जपा, बियाण्याची तक्रार पंचायत समितीच्या कृषी विभागाकडे लेखी दिली असेल तर पोचपावती शोधा. नोटिशीचं उत्तर वकिलामार्फतच जाऊ द्या, ग्रुपवर नाही. अकाउंट नकोसंच झालं असेल तर केस मिटल्यावर उडवा.