पॉइंट वनचा हिशोब

प्रश्न: न्यू जर्सीत एका छोट्या लॉ फर्ममध्ये नवीन लागलोय. टाइमशीट ०.१ तासाच्या युनिटमध्ये भरायची असते. दोन मिनिटांच्या ईमेलला ०.१ लावायचा की सोडून द्यायचा?

उत्तर:

०.१ तास म्हणजे सहा मिनिटं, आणि या सहा मिनिटांपायी मी दोनदा बोलणी खाल्लीत, एकदा जास्त लावले म्हणून आणि एकदा कमी, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे.

मी पण इकडेच असोसिएट होते, रेट २८० डॉलर, म्हणजे एक पॉइंट वन २८ डॉलरचा. एका भाडेकरूच्या केसमध्ये एका दिवशी पाच बारीक कामं झाली. समोरच्या वकिलाची मेल वाचली २ मिनिटं, "मिळालं, धन्यवाद" लिहिलं १ मिनिट, क्लायंटने सुनावणीची वेळ विचारली म्हणून डॉकेट बघून कळवलं ४ मिनिटं, एक व्हॉइसमेल ठेवला १ मिनिट, कोर्टाची तारखांची ऑर्डर वाचली ३ मिनिटं. सीनियरने शिकवलं होतं की हात लावला की पॉइंट वन, सो मी पाच ओळी टाकल्या, ०.५, १४० डॉलर. महिनाअखेर क्लायंटचा फोन, "मॅडम, धन्यवाद म्हणायचे २८ डॉलर?" मला काय बोलावं कळेना, कारण बाई खरं बोलत होती. खरा वेळ ११ मिनिटं, म्हणजे ०.२, ५६ डॉलर. वरचे ८४ डॉलर न केलेल्या कामाचे.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. पाच मिनिटांखालचं काहीच लिहायचं नाही. दोन महिन्यांत माझे तास इतके घसरले की पार्टनरने बोलावून विचारलं, तू दिवसभर करतेस काय? तेव्हा स्टॉपवॉच लावून बसले तर रोजची पाऊण तासाच्या आसपासची कामं कुठेच लिहिली जात नव्हती. आणि ती खरी कामं होती. "हो, चालेल" एवढं उत्तर द्यायला आधी फाइल उघडून जुनं पत्र वाचावं लागतं, ती पाच मिनिटं टाइप करण्याइतकीच कामाची असतात, आपण फक्त टाइप केलेलं मिनिट मोजतो आणि बाकीचं विसरतो.

आता मी करते ते असं. घड्याळ एकेका कामाला नाही, मॅटरला म्हणजे त्या अख्ख्या केसला लावायचं. फाइल उघडली की मिनिटं एका चिठ्ठीवर टिपायची (तेव्हाच, संध्याकाळी आठवून लिहिलेला आकडा हमखास चुकतो), दिवस संपताना त्या मॅटरची सगळी मिनिटं जोडायची आणि राउंडिंग एकदाच करायचं, जवळच्या सहाच्या पटीत. ११ चे ०.२, ८ चे ०.१. दिवसभरात त्या मॅटरवर एकच मेल, २ मिनिटं? ओळ लिहायची, पण रक्कम शून्य, "नो चार्ज". क्लायंटला काम दिसतं आणि भांडण होत नाही. ती २ मिनिटं उद्याच्या तारखेत ढकलायची नाहीत, ती खोटी एन्ट्री होते.

आमचा सीनियर म्हणायचा, तू फर्मच्या पोटावर पाय देतेस, कमीत कमी पॉइंट वन हे अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहिलंय. लिहिलं होतं, खरंय. पण ते एका कामाला किमान, एकाच सकाळचं काम पाच तुकड्यांत फोडून प्रत्येक तुकड्याला किमान नाही. आणि पाच क्लायंटना दोन-दोन मिनिटांचे पाच पॉइंट वन लावले की दहा मिनिटांत अर्धा तास विकला जातो, हे त्याला कधीच पटलं नाही. अमेरिकन बार असोसिएशनचं १९९३ चं ओपिनियन आहे, ९३-३७९ नंबरचं, तासावर बिल असेल तर खर्च झालेल्या वेळेपेक्षा जास्त लावता येत नाही, वाजवी राउंडिंग तेवढं चालतं. ते मी त्याच्या टेबलावर ठेवलं होतं. त्याने कॉफीचा कप ठेवला त्यावर.

हां, एक राहिलं. मिनिटं जोडली म्हणून वर्णन पण एकत्र कोंबू नका, त्याला ब्लॉक बिलिंग म्हणतात आणि फी मागायची वेळ आली की कोर्ट तिथेच कात्री लावू शकतं. एन्ट्री एकच, पण आत प्रत्येक कामापुढे कंसात मिनिटं. आणि पीडीएफ सेव्ह करणं, फाइलला नाव देणं असलं कारकुनी काम वकिलाच्या रेटने मुळीच नाही, ते मी सुरुवातीला केलंय.

तुमच्या फर्मचं एंगेजमेंट लेटर, म्हणजे क्लायंटशी केलेलं फीचं अ‍ॅग्रीमेंट, आधी वाचा, काही ठिकाणी वरच्या सहाच्या पटीत राउंड करतात आणि तसं क्लायंटने सही करून मान्य केलेलं असतं. मग ७ चे ०.२ होतात. ते चालेल, पण तेही दिवसाच्या बेरजेवर एकदाच.