कॉल फॉरवर्डिंग चुकून चालू झाले असेल तर ते पूर्णपणे कसे काढावे?

प्रश्न: आईच्या मोबाइलवर कोणाचाच फोन लागत नाही, सगळे फोन मामांकडे जातात. आईने कुठला तरी कोड दाबला होता म्हणे. फोन फॅक्टरी रीसेट केला, सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घातले, तरी तेच. हे बंद कसे करायचे?

उत्तर: रीसेटने काही झाले नाही याचे कारण असे, की ही नोंद हँडसेटमध्ये किंवा सिममध्ये नसतेच. कोड टाकून कॉलचे बटण दाबले की फोन ती आज्ञा कंपनीच्या नेटवर्ककडे पाठवतो, आणि आपल्या क्रमांकासमोर ‘येणारे फोन अमुक ठिकाणी वळवावेत’ अशी नोंद तेथील ग्राहकनोंदीत होते. फोन बंद असो, बदललेला असो, नोंद तशीच राहते. म्हणून ती काढण्याचा हुकूमही नेटवर्कलाच द्यावा लागतो, आणि तो आईच्याच सिमवरून. फोनमध्ये दोन सिम असतील तर कोड टाकताना नेमके ते सिम निवडावे. चुकीच्या सिमवरून कोड टाकला तर ‘रद्द झाले’ असा संदेश येतो आणि मूळ नोंद जागच्या जागी राहते. हा घोळ मी अनेकदा पाहिला आहे.

कोडमधील आकडे फॉरवर्डिंगचा प्रकार सांगतात. `21` म्हणजे बिनशर्त, फोन न वाजताच सगळे कॉल वळवणे. बाकीचे तीन सशर्त आहेत: `67` फोन व्यस्त असताना, `61` वाजूनही कोणी उचलला नाही तर, आणि `62` फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना. त्यांच्या आधीची चिन्हे काय करायचे ते सांगतात. दोन स्टार म्हणजे क्रमांक नोंदवून चालू करणे, स्टार-हॅश म्हणजे स्थिती विचारणे, एक हॅश म्हणजे नुसते थांबवणे आणि दोन हॅश म्हणजे नोंद पुसणे. शेवटच्या दोहोंतील फरक लहान दिसतो, पण महत्त्वाचा आहे. `#21#` ने फॉरवर्डिंग थांबते, मात्र मामांचा क्रमांक नोंदलेलाच राहतो, आणि पुढे कधी `*21#` दाबले गेले तर त्याच क्रमांकावर फोन पुन्हा जाऊ लागतात. आपल्याला पुसायचे आहे, त्यामुळे दोन हॅश लागतील.

आता ज्या गोष्टीमुळे लोक अर्ध्यावर अडकतात ती सांगतो. फोन आला की नेटवर्क प्रथम बिनशर्त नोंद पाहते. ती असेल तर पुढचे काहीच तपासले जात नाही आणि सशर्त नोंदी गप्प पडून राहतात. बिनशर्त नोंद पुसली, की त्या जाग्या होतात. माझ्या वडिलांच्या बाबतीत नेमके हेच घडले. शेतात रेंज नसते म्हणून एका दुकानदाराने त्यांच्या फोनवर `62` चे फॉरवर्डिंग माझ्या क्रमांकावर लावून दिले होते, आणि ते आम्ही दोघेही विसरून गेलो होतो. पुढे कधीतरी त्यांच्याकडून `21` चेही लागले, तेव्हा त्यांचे सगळेच फोन माझ्याकडे येऊ लागले. मी `##21#` टाकले, घरात बसून फोन लावून पाहिला, तो व्यवस्थित वाजला आणि मी निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी ते शेतावर गेले आणि त्यांचे फोन पुन्हा माझ्याकडे! कोड चुकला नव्हता, खालची जुनी नोंद वर आली होती.

म्हणून आधी काय काय लागले आहे ते पाहावे. चारही प्रकारांची चौकशी वेगवेगळी करावी लागते, एकत्र चौकशीचा कोड नाही:

```
*#21#
*#67#
*#61#
*#62#
```

उत्तरात व्हॉइस, डेटा, फॅक्स, एसएमएस अशी यादी दिसून पुष्कळ लोक घाबरतात. त्या निव्वळ सेवांच्या श्रेणी आहेत, आपण फक्त व्हॉइससमोर काय लिहिले आहे ते पाहावे. `62` समोर अनोळखी क्रमांक दिसला तर तो कंपनीच्या व्हॉइसमेलचा किंवा मिस्ड कॉल अलर्टचा असू शकतो, कारण या सेवा सशर्त फॉरवर्डिंगवरच चालतात. `21` समोर मात्र मामांऐवजी भलताच मोबाइल क्रमांक असेल तर ती चूक नसून फसवणूक असण्याचा संभव जास्त. कुरिअरवाला असल्याचे सांगून कोणीतरी तो कोड आईकडून दाबून घेतला असू शकतो. एसएमएस वळत नाहीत, पण आवाजी कॉलवर येणारे ओटीपी त्या माणसाकडे जातात. अशा वेळी नोंद पुसून लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार करावी.

पुसण्यासाठी मी पहिला कोड वापरेन. त्याने चारही नोंदी एकदम जातात. दुसऱ्याने फक्त तीन सशर्त नोंदी जातात:

```
##002#
##004#
```

पहिल्या कोडने मिस्ड कॉल अलर्टही बंद पडू शकतो. तो हवा असल्यास कंपनीकडून पुन्हा चालू करून घ्यावा.

‘कनेक्शन प्रॉब्लेम किंवा अवैध एमएमआय कोड’ असा संदेश आला तर कोड खोटा आहे असे समजू नये. व्होएलटीईवर, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच बोलणे होते तेव्हा, ही आज्ञा काही वेळा मोबाइल डेटाच्या वाटेने जाते, म्हणून वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा चालू करावा आणि पुन्हा प्रयत्न करावा. तरीही जमले नाही तर फोनच्या डायलरमधील सेटिंग्जमध्ये कॉल फॉरवर्डिंगचे चार पर्याय असतात, तेथे एकेक बंद करता येतो. सिम जिओचे असेल तर त्या कंपनीचे स्वतःचे कोड आहेत. बिनशर्त बंद करण्यासाठी पहिला आणि सर्व प्रकार बंद करण्यासाठी दुसरा:

```
*402
*413
```

दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडी कोडने, म्हणजे असे स्टार-हॅशचे कोड दाबून, फॉरवर्डिंग लावण्याची सोय पुढील आदेशापर्यंत थांबवण्यास कंपन्यांना सांगितले होते. त्यामुळे आईला पुढे कधी मुद्दाम फॉरवर्डिंग लावायचे झाले, तर कोडऐवजी सेटिंग्जचा किंवा कंपनीचा मार्ग घ्यावा लागू शकतो.

शेवटी पडताळणी करताना मामांच्या फोनवरून करू नये, तिसऱ्याच फोनवरून करावी. एकदा फोन पूर्ण वाजू द्यावा, एकदा आई दुसऱ्या कॉलवर असताना लावावा आणि एकदा आईचा फोन बंद करून लावावा. तिन्ही वेळा मामांचा फोन शांत राहिला, तर काम झाले. एखाद्या वेळी वाजला, तर तो कोणत्या प्रसंगी वाजला यावरून कोणता कोड उरला आहे ते कळेल, आणि तेवढाच `##61#` सारखा पुसता येईल. तोही जात नसेल तर १९८ वर तक्रार करून कंपनीकडूनच नोंद काढून घ्यावी.